इब्राहिमखान गारद्याला वाचवायला निघालेला माणूस

एका तरुण मित्राने त्याची कथा वाचायला पाठवली. कथेचा नायक अन्वर हा आजचा मुलगा. इतिहासात एम.ए. केलेला, नोकरीच्या शोधात असलेला. त्याला कालयंत्र मिळतं आणि तो थेट १४ जानेवारी १७६१ च्या पहाटे पानिपतावर उतरतो. इब्राहिमखान गारद्याला गाठून पुढे काय घडणार ते सांगतो, इब्राहिमखान सावध होतो, लढाईचा निकाल फिरतो. अन्वर परत येतो तेव्हा गावातल्या चौकात इब्राहिमखानाचा पुतळा उभा असतो.

कथेत जीव होता, भाषा चांगली होती. मी त्याला एकच प्रश्न विचारला. इब्राहिमखान वाचला आणि लढाई जिंकली, तर अन्वरने लहानपणापासून त्याच्या मरणाची हकीकत कुठे वाचली? ती वाचलीच नाही, तर तो वाचवायला निघाला कशासाठी? आणि निघालाच नाही, तर वाचवलं कुणी?

"चाचा, ही कथा आहे, गणित नाही," तो म्हणाला. त्याचं म्हणणं चूक नाही. पण कालप्रवासाच्या कथेत वाचक पहिल्या पानापासून मनात हिशेब करत असतो. हिशेब जुळला नाही की त्याचा इब्राहिमखानावरचाही विश्वास उडतो. मग ज्याच्यासाठी कथा लिहिली तो माणूसच हातातून निसटतो.

हा पेच जुना आहे, त्याला आजोबांचा पेच म्हणतात: भूतकाळात जाऊन आजोबांना लग्नाआधीच मारलं, तर मारणारा जन्मला कसा? एच. जी. वेल्स यांच्या १८९५ च्या 'द टाइम मशीन'मध्ये तो उभाच राहत नाही, कारण त्यांचा प्रवासी भविष्यात, इसवी सन ८०२७०१ मध्ये जातो. मागे जाऊन कुणाच्या इतिहासात हात घालत नाही. मागे जायचं ठरवलं की लेखकाला कायदा करावा लागतो, आणि वापरात असलेले कायदे मुख्यतः दोन आहेत. एकात काळाला फांद्या फुटतात. दुसऱ्यात काळ एकच आणि घडलेलं पक्कं. घोळ होतो तो दोन्हींचं मिश्रण केल्यावर. १९८५ चा 'बॅक टू द फ्यूचर' हा चित्रपट मी अनेकदा आनंदाने पाहिला आहे, पण त्यातल्या फोटोतून भावंडं एकेक करून पुसट का होतात, आणि इतिहास बदलल्यावरही नायकाला जुनाच इतिहास का आठवतो, याला उत्तर नाही. विनोदी चित्रपटाला ते खपून जातं. पानिपताला खपणार नाही.

फांद्यांचा कायदा आपल्या मराठीत पानिपतावरच वापरला गेलेला आहे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांनी वाचली असेल. तिचंच इंग्रजी रूप अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातही आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा मुंबईत पोहोचतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून टिकून आहे. ग्रंथालयात जाऊन ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात आणि फरक नेमका कुठे पडला ते शोधतात. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांना चाटून गेलेली असते. परत आल्यावर राजेंद्र देशपांडे त्यांना पुंज सिद्धांताच्या आधारे समजावतात की वास्तवाच्या एकाहून अधिक शक्यता असू शकतात आणि पंत थोडा वेळ दुसरीत जाऊन आले. पुरावा म्हणून खिशात बखरीचं एक पान उरतं.

ही कथा तर्काला पक्की आहे, कारण नारळीकरांनी पंतांना काही बदलूच दिलेलं नाही. पंत बघतात, वाचतात, परत येतात. फरक पडतो तो एकाच बिंदूवर, आणि तो बिंदू पंतांच्या हातात नाही. आजोबांचा पेच तिथे संभवतच नाही.

माझ्या मित्राला मी म्हटलं, हा कायदा घे, तुझा पुतळा शाबूत राहील. पण किंमत समजून घे. फांद्या मानल्या तर अन्वर एका जगातल्या इब्राहिमखानाला वाचवेल. ज्याच्याविषयी वाचून तो रडला होता, तो या जगातला इब्राहिमखान तसाच कैदेत, तशाच जखमांनी मरेल. अन्वर दुसऱ्याच कुणाला तरी वाचवून आलेला असेल. नारळीकरांना हे चालतं, कारण त्यांची कथा इतिहास एका गोळीवर कसा फिरू शकतो याविषयी आहे. तुझी कथा एका माणसाविषयी आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग दुसरा कायदा सांगा."

दुसरा कायदा समजून घ्यायला टेड चियांग या अमेरिकन लेखकाच्या कथेइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. 'द मर्चंट अँड द अल्केमिस्ट्स गेट' ही २००७ ची कथा. ती घडते बगदाद आणि कैरोत, आणि तिची बांधणी अलिफ लैलासारखी आहे, गोष्टीच्या पोटात गोष्ट. चियांगने स्वतः सांगितलं आहे की किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या व्याख्यानातून त्याला ही कल्पना सुचली, आणि नियतीचा स्वीकार हा जिथे श्रद्धेचाच भाग आहे तो मुस्लिम समाज या कथेला योग्य वाटला. तकदीर हा शब्द आपल्या घरांत इतका घासून गुळगुळीत झाला आहे की त्यावर काटेकोर कथा रचता येते हे लक्षात येत नाही.

फुवाद इब्न अब्बास हा बगदादचा कापडाचा व्यापारी. तो बशारत नावाच्या कारागिराच्या दुकानात शिरतो. बशारत आधी त्याला एक लहान कडं दाखवतो. कड्याच्या एका बाजूने हात घातला तर दुसऱ्या बाजूने तो काही सेकंदांच्या फरकाने बाहेर येतो. मग मागच्या खोलीतलं मोठं दार. त्यातून एका बाजूने गेलं की माणूस वीस वर्षं पुढे निघतो, उलट बाजूने गेलं की वीस वर्षं मागे. वीस म्हणजे वीसच. आणि दार उभारण्याआधीच्या काळात जाता येत नाही, कारण बाहेर पडायला तिथे दारच नसतं. बगदादचं दार नवं असल्याने मागे जायचं तर कैरोला जावं लागतं, तिथे बशारतचं जुनं दार आहे.

फुवादची बायको नज्या वीस वर्षांपूर्वी मशिदीची भिंत कोसळून मेली. निघताना त्याचं तिच्याशी भांडण झालं होतं, आणि ती गेली तेव्हा तो परगावी होता. दाराचं कळताच तो मनात दिवस मोजतो. बगदादहून कैरो, दार ओलांडायचं, मग वीस वर्षांपूर्वीच्या कैरोहून पुन्हा बगदाद. लगेच निघालं तर भिंत पडण्याआधी पोहोचता येईल. तो निघतो. वाटेत अडचणी येतात, आणि तो पोहोचतो तेव्हा भिंत पडलेली असते. पण नज्याची अखेरच्या घटकेत शुश्रूषा करणारी एक बाई त्याला भेटते आणि नज्याचा निरोप सांगते. मरण बदललं नाही. त्या मरणाविषयी त्याला जे ठाऊक नव्हतं तेवढं ठाऊक झालं.

लेखकाच्या नजरेने पाहिलं तर इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे कायदा आधी लहान वस्तूवर दाखवला आहे. कडं पाहून वाचकाने नियम तपासून घेतलेला असतो, म्हणून दारावर वाद उरत नाही. दुसरी म्हणजे वीस वर्षांचं ठरलेलं अंतर. कालप्रवासाच्या कथांत सर्वांत जास्त आढळणारं भोक 'पुन्हा का नाही गेला?' या प्रश्नाचं असतं. यंत्र हवं तिथे नेत असेल तर उशीर ही अडचणच नाही. एक दिवस आधीचं बटण दाबायचं. अंतर बांधलेलं असलं की तिकडचा काळ इकडच्या काळाबरोबर पुढे सरकतो. तिथली वेळ हुकली की कायमची हुकली. एका नियमाने शंभर प्रश्न मिटतात.

पण दुसऱ्या कायद्यातही पेच उरतोच असं वाटेल. अन्वरला कोण अडवणार? काळाचे पोलीस थोडेच असतात? यावर भौतिकशास्त्रज्ञांनी एक सुंदर खेळ मांडला होता. थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अवकाशातल्या बोगद्यांतून कालप्रवास शक्य आहे का यावर निबंध लिहिला. त्यावर जोसेफ पोल्चिन्स्की यांनी बिलियर्डच्या चेंडूचा पेच टाकला. आपण तो कॅरमवर मांडू. सोंगटी एका भोकात जाते आणि दुसऱ्या भोकातून थोडी आधी बाहेर येते. ती बाहेर येऊन स्वतःच्याच आधीच्या रूपाला असा टोला देते की ते भोकात जाणारच नाही. मग बाहेर आलं कोण? थॉर्न यांच्या विद्यार्थ्यांनी गणित करून पाहिलं, तर त्याच सुरुवातीतून निघणारे निर्दोष मार्ग सापडले. भोकातून आलेली सोंगटी जोरदार टोला न देता फक्त चाटून जाते. त्या चाटण्याने पहिली सोंगटी किंचित तिरपी होते, भोकात किंचित तिरपी शिरते, आणि म्हणूनच बाहेर येताना तिचा टोला चाटून जाण्याइतकाच बसतो. वर्तुळ पूर्ण होतं. कुणी कुणाला अडवलेलं नाही.

कथाकाराला याहून चांगलं सूत्र मिळणार नाही. नायकाच्या वाटेत लेखकाने आणून टाकलेला अडथळा नको. नायकाचा प्रयत्नच त्या घटनेचं एक कारण असायला हवा.

आता पानिपत. आम्ही दोघांनी एका वहीत दोन रकाने केले. एकात जे पक्कं आहे ते, दुसऱ्यात जे मोकळं आहे ते. इतिहासाचा माणूस असण्याचा फायदा इथे होतो. घडलेलं बदलत नाही हा कायदा घेतला की प्रत्येक अस्सल साधन कथेवरचं बंधन होतं, आणि साधनांतली प्रत्येक फट कथेची जागा.

पक्कं काय? इब्राहिमखान आधी निजामाच्या चाकरीत होता, फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला. मग पेशव्यांकडे आला. पानिपतावर त्याचे गारदी मराठ्यांच्या डाव्या बाजूला होते आणि त्यांनी रोहिल्यांवर जबर मारा केला. तो जखमी होऊन पकडला गेला. पुढची हकीकत काशीराज पंडिताची. हा दक्षिणी ब्राह्मण अवधच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, लढाईच्या वेळी त्या छावणीत हजर होता, आणि सुमारे वीस वर्षांनी त्याने फारसीत वृत्तांत लिहिला. तो सांगतो की इब्राहिमखान शुजाच्या माणसांच्या हाती लागला, शुजाला त्याला वाचवायचं होतं. बातमी फुटली. अब्दालीच्या लोकांनी त्याला मागितलं. शुजाने आधी नाकारलं, पण शेवटी त्याला वजिराच्या हवाली करावं लागलं. आठवड्याभरात इब्राहिमखान मेला, आणि त्याच्या जखमांत औषधाऐवजी विष भरल्याचं काशीराज म्हणतो.

मोकळं काय? त्या आठवड्यात इब्राहिमखानाजवळ कोण बसलं होतं, तो काय बोलला, त्याला पाणी कुणी दिलं. छावणीत बातमीचा पहिला शब्द कुणाच्या तोंडून गेला.

मित्राची पहिली कल्पना ऐकून मी चमकलो. अन्वर सोबत आयोडीन नेतो. कैदेत कसाबसा पोहोचून इब्राहिमखानाच्या जखमांत ते ओततो. जखमी माणूस वेदनेने ओरडतो, पाहणाऱ्यांना तो तपकिरी द्रव विष वाटतो, आणि तीच वार्ता वीस वर्षांनी काशीराजाच्या लेखणीतून उतरते. सोंगटी चाटून गेली, वर्तुळ जुळलं. तर्काने यात एकही भोक नाही.

तरी मी त्याला ती सोडायला लावली. या युक्तीने कैद्याला हालहाल करून मारणारे मोकळे सुटतात. ज्यांनी कवायती फौजेचा एक सेनापती जखमी अवस्थेत मागून घेतला आणि आठवड्यात संपवला, त्यांच्या कृत्याचं खापर आपण एका चांगल्या मुलाच्या गैरसमजावर फोडतो. कालप्रवासाच्या कथेत ही लालूच फार असते. इतिहासातलं प्रत्येक दुष्कृत्य प्रवाशाच्या माथी मारून गोल पूर्ण करायचा. वर्तुळ जुळणं पुरेसं नाही. साधन ज्याच्याकडे बोट दाखवतं, ते बोट कथेने वळवता कामा नये.

मग आम्ही दुसऱ्या फटीत शिरलो, बातमी फुटण्याच्या. पण आधी दार कुठे ठेवायचं ते ठरवलं. ज्या काळात जायचं त्याआधीपासून ते उभं हवं आणि आजही हवं. पानिपतात बाबराने १५२६ च्या लढाईनंतर बांधलेली काबुली बाग मशीद आहे. तिची एक कमान, जी कथेपुरती शतकानुशतकं विटांनी बुजवलेली होती आणि आता उघडली आहे. बुजवलेली असणं आवश्यक, नाहीतर वाचक विचारेल की आधीच्या वर्षी कुणी यातून जाऊन भाऊसाहेबांना का सावध केलं नाही.

अंतर किती? १४ जानेवारी २०२५ ला १४ जानेवारी १७६१ उगवायला हवी. मधली वर्षं २६४, पण दार वर्षं मोजत नाही, दिवस मोजतं. २६४ गुणिले ३६५ म्हणजे ९६,३६०. लीप वर्षांचे ६६ दिवस यायला हवेत, पण १८०० आणि १९०० ही लीप वर्षं नव्हती, म्हणून ६४. एकूण ९६,४२४ दिवस. याला सातने भागलं तर सहा उरतात. इथे मंगळवार असताना तिथे बुधवार. पानिपतची लढाई बुधवारीच झाली, तेव्हा हिशेब बरोबर.

ही आकडेमोड मित्राला कंटाळवाणी वाटली, पण तिनेच एक भोक दाखवलं. त्याच्या मूळ कथेत लढाईच्या पहाटे मराठी छावणीत तीळगूळ वाटला जातो. पानिपतावर संक्रांत कोसळली हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि १४ जानेवारी म्हणजे संक्रांत असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या सुमाराला येऊन गेली होती. तिथी होती पौष शुद्ध अष्टमी. तेव्हा अन्वर इथून संक्रांतीच्या दिवशी निघेल आणि तिथे उपाशी छावणीत संक्रांत होऊन गेलेली असेल. अष्टमीमुळे आणखी एक गोष्ट ठरते. चंद्र अर्धा, संध्याकाळी डोक्यावर आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळणारा. पळणाऱ्यांच्या मागे लागलेले घोडेस्वार रात्रीच्या पहिल्या भागात दिसतील, नंतर नुसते टापांचे आवाज. मूळ कथेत रात्री दोन वाजता चांदणं होतं, ते काढलं.

आता कथानक. अन्वर इथून संध्याकाळी निघतो, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत लढाई संपलेली आहे. पहाटेच का नाही? कारण कमान उघडली तेव्हाच त्याला तिच्याविषयी कळलं, आणि उद्या उघडली तर तिथेही उद्याच असेल. लढाई बदलण्याचा मोह असा आपोआप बाद होतो. त्याला एवढंच ठाऊक आहे की इब्राहिमखान जखमी पकडला गेला आणि काही दिवसांनी मेला. म्हणजे हातात काही दिवस आहेत.

यानंतरचा भाग मित्राने स्वतः रचला, आणि तो मला फार आवडला. अन्वर साताऱ्याकडचा, घरात दखनी बोलणारा. त्याला वाटतं, नाव मुसलमान, जबान उर्दूच्या जवळची, अब्दालीच्या छावणीत आपण खपून जाऊ. पण रोहिले, दुराणी आणि अवधचे शिपाई यांच्या कानाला दखनी लगेच वेगळी लागणार. त्या मैदानावर दखनी बोलणारा मुसलमान म्हणजे बहुधा गारदी. अन्वर छावणीत फिरून विचारत राहतो, इब्राहिमखान कुठे आहे? त्याच्या बोलीमुळे प्रश्न लक्षात राहतो. दक्खनचा एक माणूस शुजाच्या तंबूंकडे घिरट्या घालतोय, इब्राहिमखानाला विचारतोय. म्हणजे तो तिथेच असणार. शब्द या तंबूतून त्या तंबूत जातो. शुजाने लपवलेला कैदी मागितला जातो.

काशीराजाच्या वृत्तांतातला एक शब्दही बदलावा लागत नाही. मारणारे तेच राहतात. वाचवणारा शुजाही तोच राहतो. अन्वरचा प्रयत्न फक्त चाटून जातो.

इथे मित्राने स्वतःच हरकत काढली, आणि ती या कायद्यावरची सर्वांत अवघड हरकत आहे. "अन्वर इतिहासाचा विद्यार्थी. त्याने काशीराज वाचला असेल तर बातमी फुटल्यामुळे इब्राहिमखान गेला हे त्याला माहीत असेल. मग तो तोंड बंद ठेवेल. आणि ठेवलं तर?" तर कायदा मोडला. पुढे काय होणार आणि त्यात आपला हात कुठे असणार, ही दोन्ही माहिती असलेला माणूस मुद्दाम उलट वागू शकतो, आणि त्याला उलट वागू न देणं म्हणजे त्याची बाहुली करणं. यातून सुटण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे. पात्राला निकाल ठाऊक असू द्यावा, त्यातला स्वतःचा वाटा ठाऊक असू नये. फुवादला भिंत पडल्याचं माहीत होतं, पण नज्याच्या अखेरच्या घटकेत काय झालं ते नव्हतं. त्याच कथेत एक दोरखंड वळणारा तरुण भविष्यातल्या स्वतःला भेटतो, आणि तो म्हातारा त्याला सगळंच सांगत नाही. ते सांगत नाही म्हणूनच गोष्ट उभी राहते.

तेव्हा अन्वरने काशीराज वाचलेला नको. पण इतिहासाचा एम.ए. आणि पानिपतचं मुख्य साधन वाचलं नाही, हे पटेल का? आम्ही त्याचा विषयच बदलला. आता तो इतिहासाचा विद्यार्थी नाही. त्याने इब्राहिमखानाची गोष्ट आजोबांकडून ऐकली आहे, दोन-तीन वाक्यांत: निष्ठेने लढला, पकडला गेला, हाल होऊन मेला. आपल्यापैकी बहुतेकांना इब्राहिमखान एवढाच माहीत असतो, म्हणून हे खोटं वाटणार नाही. उलट मला ते मूळ कथेपेक्षा खरं वाटलं. ज्याच्या निष्ठेचा दाखला आपण उठता बसता देतो, त्याच्या शेवटच्या आठवड्याविषयी किती जणांनी एक पान वाचलेलं असतं?

एक भोक अजून बुजवायचं होतं. मित्राला हवं होतं की अन्वरने काशीराजाला भेटावं आणि खिशातल्या फोनवर उतरवलेला त्याचाच वृत्तांत दाखवावा, त्यावरून काशीराजाने पुढे तो लिहावा. हे मी साफ नाकारलं. काशीराजाने अन्वरकडून उतरवला, अन्वरने काशीराजाच्या पुस्तकातून घेतला, मग लिहिला कुणी? असा मजकूर अनाथ असतो, त्याला लेखकच नसतो. वस्तूंचं याहून वाईट. 'समव्हेअर इन टाइम' या १९८० च्या चित्रपटात म्हातारी नायिका नायकाला खिशातलं घड्याळ देते, तो ते भूतकाळात नेऊन तरुणपणीच्या तिलाच देतो. ते घड्याळ कोणत्या कारखान्यात बनलं? आणि दर फेरीला काही दशकांनी जुनं होत असूनही ते झिजत कसं नाही? नियम सोपा आहे: वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूचा आणि वाक्याचा बाप वर्तुळाबाहेर दाखवता आला पाहिजे. अन्वर काशीराजाला भेटू दे, काशीराज त्याच्याशी दक्षिणेतल्या आपल्या बोलीत दोन शब्द बोलू दे, पण फोन दाराच्या अलीकडेच राहू दे.

परत यायचा दिवस वहीत २१ जानेवारी लिहिला आहे. तिथे सातवा दिवस, इथेही सातवा. अंतर बांधलेलं असल्यामुळे अन्वर निघाला त्या क्षणी परतू शकत नाही. घरात आठवडाभर तो हरवलेला आहे, आईने पोलिसांत तक्रार दिली आहे. हे मूळ कथेत नव्हतं, कायद्याने ते आणलं. सात दिवस कुठे होतास याचं उत्तर त्याला आता द्यावं लागेल.

शेवटी इब्राहिमखानाजवळ तो पोहोचतो की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. मित्र म्हणतो पोहोचावा, निदान पाणी पाजावं. पाणी कुणी दिलं ते मोकळ्या रकान्यात आहे, तेव्हा कायद्याची हरकत नाही. माझी शंका पहाऱ्याची आहे. ज्याच्या बोलीवर एकदा संशय घेतला गेला, तो वजिराच्या तंबूपर्यंत जाईल कसा? त्याचं नवं सुचवणं असं की अन्वरने तोपर्यंत बोलणंच सोडलेलं असावं. मुका भिश्ती म्हणून तो आत जातो, पखाल घेऊन. मग इब्राहिमखान त्याच्याशी दखनीत काही बोलतो, आणि उत्तर द्यायचं की नाही हे अन्वरला ठरवायचं आहे. तो प्रसंग त्याने अजून लिहिलेला नाही.